पाऊल केवढं टाकावं?

मंडळी, 'ग्रेडियंट डिसेंट' हा शब्द हल्ली कानावर पडतोच. यंत्राला शिकवायचं म्हणजे चूक मोजायची, ती कोणत्या दिशेने कमी होते ते पाहायचं आणि त्या दिशेला एक पाऊल टाकायचं. पुन्हा मोजायचं, पुन्हा पाऊल. या पावलाच्या मापाला 'लर्निंग रेट' म्हणतात. नाव नवं असलं तरी गोष्ट जुनी आहे. फ्रेंच गणिती कोशी यांनी १८४७ मध्ये ही रीत मांडली. डोक्यात खगोलशास्त्रातली समीकरणं होती आणि मजकूर होता जेमतेम तीन पानांचा. मला मात्र त्यांच्यापेक्षा लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थांची गोष्ट जास्त आवडते, कारण त्यांच्याकडे प्रत्येक पावलाला पैसे मोजावे लागत होते.

रिचर्डसन १९१० च्या सुमारास एका दगडी धरणाच्या पोटात ताण कसे पसरतात ते काढत होते. सूत्राने उत्तर निघेना, म्हणून त्यांनी धरणाच्या छेदावर चौकटींची जाळी टाकली. प्रत्येक बिंदूवर अंदाजी आकडा लिहायचा, समीकरण किती चुकतं ते पाहायचं आणि त्या चुकीच्या प्रमाणात आकडा सुधारायचा. आजच्या भाषेत हे वर्गसमीकरणी लॉसवरचं ग्रेडियंट डिसेंटच. ही आकडेमोड मुलं करत. मजुरी नगावर होती: तीन अंकी आकड्यांना बिंदूमागे साधारण एक षष्ठांश पेनी. सर्वांत चपळ मुलं आठवड्याला २००० बिंदू उरकत, आणि चुकलेले त्यातून वजा होत.

आता पाऊल केवढं टाकायचं, हे आधी साध्या उदाहरणात बघू. समजा लॉस असा आहे:

```
f(w) = (w - 3)^2
w = w - r * 2 * (w - 3)
```

तळ ३ वर आहे. आपण १३ वर उभे आहोत, म्हणजे अंतर १०. दुसऱ्या ओळीतला r म्हणजे लर्निंग रेट. ती ओळ नीट पाहिली तर कळतं की प्रत्येक पावलाला अंतराला (१ − २r) ने गुणलं जातं. बस्स, सगळी गंमत या एका गुणकात आहे.

r = ०.०१ घेतला तर गुणक ०.९८. अंतर १० वरून ०.१ वर यायला २२८ पावलं लागतात. r = ०.१ घेतला तर गुणक ०.८, आणि तेच काम २१ पावलांत होतं. r = ०.५ ला गुणक शून्य, एका उडीत तळाशी! मग r = ०.९ घेऊन पाहा. गुणक −०.८. पुन्हा २१ पावलंच, पण आता आपण दरीच्या या काठावरून त्या काठावर झोके घेत उतरतो: १०, −८, ६.४. r = १ ला १० आणि −१० असा झोका कायमचा चालू राहतो. आणि r = १.१ ला १०, −१२, १४.४... म्हणजे लॉस १०० वरून १४४, मग २०७. दिशा प्रत्येक वेळी बरोबर आहे, तरी आपण वर चढतोय.

यातून ओळखायची खूण मिळते. चूक सावकाश, एकाच बाजूने कमी होत असेल तर पाऊल लहान आहे. चिन्ह आलटून पालटून बदलत असेल पण चूक कमी होत असेल, तर पाऊल मर्यादेच्या अर्ध्याहून मोठं आहे. आणि लॉस दर पावलाला वाढत असेल तर मर्यादा ओलांडली.

तुम्ही म्हणाल, मग ०.५ च घ्या की! एकच दिशा असती तर घेतला असता. पण धरणाच्या जाळीत जितके बिंदू तितक्या दिशा. कुठे दरी खडी, कुठे जवळजवळ सपाट. दोनच दिशा घेऊ: लॉस = (x² + 25y²)/2. इथे y ची बाजू x च्या २५ पट खडी. y मध्ये गुणक (१ − २५r), म्हणून r ०.०८ च्या वर गेला की y उधळतो. r = ०.०४ घेतला तर y एका पावलात शून्य होतो, पण x चा गुणक ०.९६, म्हणजे अंतर शंभरावा भाग व्हायला ११३ पावलं. एकच ठरावीक r वापरायचा तर सर्वांत चांगला १/१३, आणि तरीही ५८ पावलं लागतातच. खडी बाजू मोठं पाऊल टाकू देत नाही आणि सपाट बाजू लहान पावलाने सरकत नाही.

समजा जाळीत १०० बिंदू आहेत. एक पाऊल म्हणजे १०० वेळा आकडेमोड, म्हणजे एका चपळ मुलाची आठवड्याला २० पावलं. ११३ पावलं म्हणजे साडेपाच आठवडे, ५८ म्हणजे तीन. लर्निंग रेटचा फरक असा थेट मजुरीच्या हिशेबात दिसतो.

रिचर्डसनांची युक्ती इथे आहे. पाऊल प्रत्येक वेळी एकच का? त्यांनी पावलांची मापं लहानापासून मोठ्यापर्यंत पसरवून टाकली. आपल्या उदाहरणात दोनच पावलं टाका, आधी r = १, मग r = ०.०४. सुरुवात दोन्हीकडे १० पासून. पहिल्या पावलात x शून्य होतो, पण y −२४० वर फेकला जातो. लॉस १३०० वरून ७,२०,००० वर! मध्येच कुणी पाहिलं तर म्हणेल सगळं बिघडलं. दुसऱ्या पावलात y सुद्धा शून्य. ५८ पावलांचं काम दोनात.

पण ही युक्ती नाजूक आहे. समजा खडेपणा २५ नसून २६ निघाला. आधी लहान पाऊल टाकलं तर y १० वरून −०.४ होतो. मग r = १ च्या पावलात त्याला −२५ ने गुणलं जातं, आणि y पुन्हा १०! x सुटला, y जिथल्या तिथे. लहान पाऊल आणखी एकदा टाकलं तर y −०.४ वर येतो. आकडे पूर्णांकात बदलताना राहिलेली बारीक चूकही मोठ्या पावलात अशीच फुगते. म्हणून मापं कोणती आणि कोणत्या क्रमाने, हा पुढे स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. लहान ठरावीक पावलाचा गुण याच्या उलट. ते कंटाळवाणं आहे, पण एखाद्या मुलाचा आकडा चुकला तरी पुढची पावलं ती चूक आपोआप विरघळवतात.

आजच्या न्यूरल नेटवर्कची दरी अशी सुबक नसते, खडेपणा जागोजागी बदलतो. तरी तळाजवळ आली की ती बरीचशी अशाच वाडग्यासारखी दिसते. त्यामुळे लॉसचा आलेख अचानक उसळला की मला ती २४० ची उडी आठवते, आणि पहिला प्रश्न पडतो: सर्वांत खडी बाजू किती खडी आहे, आणि आपलं पाऊल तिच्या मर्यादेत आहे का?

असो. त्या मुलांना हे सगळं ठाऊक होतं का कोण जाणे. त्यांना बिंदूमागे एक षष्ठांश पेनी मिळत होती, आणि पावलं कमी झाली तर मालकाचे पैसे वाचत, त्यांचे नव्हे!