शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कोणते?

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. सर्वेक्षण करणाराही तेच करतो. सगळ्यांना विचारणे शक्य नसते, म्हणून तो काही जणांचा नमुना निवडतो आणि त्यावरून सर्वांविषयी अनुमान काढतो. मग मनात येते की, दोन शितांऐवजी ओंजळभर भात तपासला तर परीक्षा अधिक खात्रीची होणार नाही का? अमेरिकेतील १९३६ च्या निवडणुकीने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आजही संशोधन पद्धतीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते.

त्या वर्षी अध्यक्षपदासाठी फ्रँकलिन रूझवेल्ट आणि आल्फ्रेड लँडन यांच्यात मुख्य लढत होती. ‘लिटररी डायजेस्ट’ हे तेथील नामांकित साप्ताहिक निवडणुकीपूर्वी टपालाने मतचाचणी घेत असे. त्याचा १९३२ चा अंदाज जवळजवळ अचूक ठरला होता. १९३६ मध्ये त्याने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या आणि त्यांपैकी तेवीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. दोन मुख्य उमेदवारांची मते मोजली तर रूझवेल्ट यांना ४३ टक्के आणि लँडन यांना ५७ टक्के पडत होती. प्रत्यक्ष निवडणुकीत या दोघांच्या मतांपैकी सुमारे ६२ टक्के रूझवेल्ट यांना मिळाली. ४८ राज्यांपैकी लँडन यांच्या वाट्याला दोनच आली. १९३८ मध्ये हे साप्ताहिक बंद पडले.

चूक १९ टक्क्यांची होती. ती नमुना लहान असल्यामुळे झाली असेल का, ते पाहू. नमुना चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने निवडला, तर केवळ योगायोगाने किती फरक पडू शकतो याचा एक सोपा आडाखा आहे. नमुन्यातील व्यक्तींच्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि १ ला त्याने भागावे. १०० माणसांना विचारले तर उत्तर बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आत-बाहेर राहते. ४०० जणांना विचारले तर हा फरक ५ टक्क्यांवर येतो, २५०० जणांना विचारले तर २ टक्क्यांवर आणि १०,००० जणांना विचारले तर १ टक्क्यावर. म्हणजे फरक निम्मा करायचा तर नमुना चौपट करावा लागतो. म्हणूनच काही हजारांच्या पुढे नमुना वाढवण्यात खर्चाच्या मानाने लाभ थोडा असतो. या आडाख्यात देशाची लोकसंख्या कोठेही येत नाही, हेही लक्षात घ्यावे. आमटी नीट ढवळलेली असेल तर पातेले लहान असो वा मोठे, चव घ्यायला एक पळी पुरते.

याच हिशेबाने तेवीस लाखांच्या नमुन्यात योगायोगाचा फरक ०.०७ टक्क्याच्या आसपास असायला हवा होता. प्रत्यक्षातली चूक त्याच्या अडीचशे पटींहून मोठी होती. अर्थात दोष संख्येचा नव्हता. आमटी ढवळलेलीच नव्हती.

हे निवडणुकीपूर्वीच ओळखणारा एक माणूस होता, तो म्हणजे जॉर्ज गॅलप. त्याची जनमत संस्था १९३५ मध्ये सुरू झाली होती. डायजेस्ट ज्या प्रकारच्या याद्या वापरत असे, त्यांतून गॅलपने केवळ ३००० लोक निवडले आणि त्यांना पत्रे पाठवली. आलेल्या उत्तरांवरून त्याने जुलैमध्येच जाहीर केले की, डायजेस्टची चाचणी रूझवेल्ट यांना ४४ टक्के मते दाखवील. डायजेस्टने पुढे दाखवली ४३ टक्के. एक कोटी पत्रे पाठवून जे चुकीचे उत्तर मिळाले, तेच तीन हजार पत्रांतही मिळत होते. नमुना वाढवल्याने योगायोगाची चूक कमी होते. निवडीतच एका बाजूला कल असेल तर तो मात्र तसाच राहतो. संख्याशास्त्रात या कलाला ‘अभिनती’ म्हणतात.

हा कल आला कोठून? नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असणारी माणसे सुस्थितीतील, आणि त्यांच्यात लँडनचे समर्थक अधिक. हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. शिकागो शहरात डायजेस्टने नोंदणी झालेल्या दर तिसऱ्या मतदाराला पत्र पाठवले होते. म्हणजे तेथे यादी सर्वांची होती आणि निवडही रास्त होती. तरीही उत्तर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लँडन यांच्या बाजूचे निघाले आणि निवडणुकीत शहराने रूझवेल्ट यांना दुप्पट मते दिली.

हे कसे घडले असेल, ते लहान आकड्यांत करून पाहू. समजा, ९०० पत्रे पाठवली. शहराच्या कौलाप्रमाणे त्यांतील ६०० रूझवेल्ट यांच्या आणि ३०० लँडन यांच्या समर्थकांकडे गेली. शिकागोत सुमारे २० टक्के लोकांनी उत्तर दिले होते, म्हणून १८० उत्तरे आली असे धरू. ती अर्धी-अर्धी असतील, तर दोन्ही बाजूंची ९०-९० झाली. म्हणजे रूझवेल्ट यांच्या ६०० समर्थकांपैकी १५ टक्क्यांनी उत्तर दिले आणि लँडन यांच्या ३०० पैकी ३० टक्क्यांनी. सत्तेवरील अध्यक्षांवर नाराज असलेल्याने पत्र लगेच भरून टाकले आणि समाधानी माणसाने ते बाजूला ठेवले, एवढ्या फरकाने दोनास एक हे प्रमाण बरोबरीत येते. उत्तर न देणारे हे उत्तर देणाऱ्यांसारखेच असतील असे गृहीत धरणे, ही डायजेस्टची दुसरी आणि अधिक सूक्ष्म चूक होती.

असा दोष आधी ओळखता येतो का? काही प्रमाणात येतो. ज्या गोष्टीचे खरे उत्तर ठाऊक आहे, तीही नमुन्याला विचारावी. डायजेस्टने १९३२ मध्ये कोणाला मत दिले होते, हे विचारलेच होते. शॅरन लोर आणि मायकेल ब्रिक या संख्याशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की, ती उत्तरे १९३२ च्या प्रत्यक्ष निकालाशी ताडून आकड्यांना योग्य वजन दिले असते, तर डायजेस्टच्याच माहितीवरून रूझवेल्ट विजयी दिसले असते. मतांचे प्रमाण मात्र तरीही कमीच भरले असते.

गॅलपची पद्धतही निर्दोष नव्हती. १९३६ मध्ये त्याने विजेता बरोबर सांगितला, पण रूझवेल्ट यांना त्याने दिली होती सुमारे ५६ टक्के. तो कोटा पद्धत वापरत असे. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक वयाचे, अमुक वस्तीतले अशी संख्या मुलाखतकाराला नेमून दिलेली असे. त्या मर्यादेत कोणाला विचारायचे ते तोच ठरवी. साहजिकच तो सहज भेटणाऱ्या, बोलक्या आणि बऱ्या घरातल्या माणसांकडे वळे. १९४८ मध्ये गॅलपने ड्यूई यांना ५० आणि ट्रूमन यांना ४४ टक्के मते दाखवली. प्रत्यक्षात ट्रूमन यांना ५० आणि ड्यूई यांना ४५ टक्के मिळाली. त्यानंतर माणूस निवडण्याचे काम मुलाखतकाराच्या हातून काढून यादृच्छिक निवडीकडे सोपवण्याचा आग्रह वाढला.

म्हणून एखादे सर्वेक्षण वाचताना ‘किती जणांना विचारले?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : यादी कोणाची होती, त्यातून माणसे कोणी आणि कशी निवडली, आणि निवडलेल्यांपैकी किती जण बोलले. विद्यार्थ्यांना हे वर्गातही पडताळता येईल. शाळेत येण्यास प्रत्येकाला किती मिनिटे लागतात, हे एकदा घंटेआधी फाटकाजवळ उभ्या असलेल्या शंभर मुलांना विचारावे आणि एकदा हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या वीस जणांना, गैरहजर असलेल्यांचा पाठपुरावा करून, विचारावे. मग सर्व मुलांची सरासरी काढावी आणि कोणता नमुना तिच्या जवळ आला, ते पाहावे.