वेरूळच्या दगडात सोडियमच्या जागी कॅल्शियम कसं बसतं? आवर्तसारणीतले 'अपवाद' पाठ न करता असे समजून घ्या

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण 30 किलोमीटरवर वेरूळचं कैलास लेणं आहे. ते ज्या काळ्या दगडात कोरलंय तो बेसॉल्ट, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थंड झालेला खडक. या खडकाचा मोठा भाग प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचा असतो आणि या खनिजात एक गंमत आहे. त्यात सोडियमच्या जागी कॅल्शियम सहज बसतं, पण पोटॅशियम फारसं बसत नाही.

आवर्तसारणीत पोटॅशियम सोडियमच्या बरोबर खाली, त्याच गणात आहे. दोघांचे गुणधर्म सारखे, असं आपण दहावीपासून शिकतो. मग सख्ख्या शेजाऱ्याला दार बंद आणि पलीकडच्या गणातल्या कॅल्शियमला प्रवेश, असं का?

याचं उत्तर पाठ करायची गरज नाही. फक्त दोन प्रश्न विचारायचे.

कोणते दोन प्रश्न?

पहिला: सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन कितव्या कवचात आहे? कवच जितकं लांबचं, तितकी केंद्रकाची पकड सैल.

दुसरा: त्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाचा किती धन प्रभार प्रत्यक्षात जाणवतो? केंद्रकात 11 प्रोटॉन असले, तरी बाहेरच्या इलेक्ट्रॉनला 11 चं ओढणं जाणवत नाही. मध्ये आतले इलेक्ट्रॉन असतात, त्यांचा आडोसा होतो. आडोसा वजा करून उरतो तो प्रभावी केंद्रकीय प्रभार.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन चांगला आडोसा करतात. त्याच कवचातला शेजारी मात्र फार कमी करतो. ढोबळ हिशोबात त्याचा आडोसा एका प्रोटॉनच्या साधारण एक तृतीयांशाइतका धरतात.

डावीकडून उजवीकडे: सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम

ही तिन्ही मूलद्रव्यं बेसॉल्टमध्ये आहेत. तिघांचेही बाहेरचे इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात. पुढच्या प्रत्येक घरात केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो आणि त्याच कवचात एक इलेक्ट्रॉनही वाढतो. पण हा नवा इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांना पुरता आडोसा देऊ शकत नाही. त्यामुळे ओढ वाढते आणि अणू आक्रसतो. धातूच्या स्वरूपात त्यांच्या त्रिज्या 186, 160 आणि 143 पिकोमीटर आहेत.

ओढ वाढली की इलेक्ट्रॉन काढणंही अवघड व्हायला हवं. यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे आयनीभवन ऊर्जा. सोडियमसाठी ती 496 किलोज्यूल प्रति मोल आणि मॅग्नेशियमसाठी 738. आता ॲल्युमिनियमसाठी आणखी जास्त हवी ना? प्रत्यक्षात ती 578 आहे!

हा अपवाद आहे का?

पुस्तकात इथे 'अपवाद' लिहिलेलं असतं आणि आपण ते घोकतो. पण पुन्हा विचारा: निघणारा इलेक्ट्रॉन नेमका कुठला आहे?

तिसऱ्या कवचात उपकवचं असतात. पहिले दोन इलेक्ट्रॉन s उपकवचात जातात आणि ते केंद्रकाच्या बरेच जवळ फिरकू शकतात. मॅग्नेशियमचा निघणारा इलेक्ट्रॉन यातला. ॲल्युमिनियमचा तिसरा इलेक्ट्रॉन p उपकवचात जातो. तो केंद्रकाजवळ तितका जात नाही आणि त्या दोन s इलेक्ट्रॉनांचा आडोसाही त्याला लागतो. म्हणजे प्रोटॉन एक वाढला, पण निघणारा इलेक्ट्रॉन जास्त मोकळा होता. याच कारणामुळे वरच्या आवर्तनात बेरिलिअमची ऊर्जा 899, तर पुढच्या बोरॉनची 801 आहे. दोन अपवाद, कारण एकच.

पुढे सिलिकॉनला ऊर्जा पुन्हा 787 पर्यंत चढते. फॉस्फरस ते गंधक या टप्प्यावर ती 1012 वरून 1000 वर किंचित घसरते. तिथलं कारण वेगळं आहे. फॉस्फरसचे तीन p इलेक्ट्रॉन तीन वेगळ्या कक्षकांत एकेकटे राहतात. गंधकाच्या चौथ्याला मात्र कुणासोबत तरी जोडी करून राहावं लागतं. दोघांत प्रतिकर्षण होतं, म्हणून त्यातला एक थोडा सहज सुटतो.

आता दगडाकडे परत

खनिजात हे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन झालेले असतात. सोडियमने एक इलेक्ट्रॉन गमावला की तिसरं कवच रिकामं होतं. 10 इलेक्ट्रॉन, 11 प्रोटॉन आणि दोनच कवचं उरतात. भोवती सहा ऑक्सिजन असताना या आयनाची त्रिज्या साधारण 102 पिकोमीटर भरते.

पोटॅशियम आयनात एक कवच जास्त, म्हणजे तीन. इलेक्ट्रॉन 18, प्रोटॉन 19. म्हणून तो मोठा, 138 पिकोमीटर.

कॅल्शियम आयनातही तीन कवचं आणि 18 इलेक्ट्रॉन आहेत, पण प्रोटॉन 20. शिवाय कॅल्शियमने दोन इलेक्ट्रॉन गमावलेत. तितक्याच इलेक्ट्रॉनांना एक प्रोटॉन जास्त ओढतोय, म्हणून तो पोटॅशियम आयनापेक्षा लहान, साधारण 100 पिकोमीटर.

म्हणजे सोडियमपासून एक घर खाली गेलो तेव्हा आकार वाढला आणि एक घर उजवीकडे सरकलो तेव्हा कमी झाला. दोन्ही मिळून 102 च्या जागी 100! सोडियमच्या जागेत कॅल्शियम बसतं ते यामुळे. पोटॅशियम एक तृतीयांशाहून जास्त मोठं असल्याने अडतं.

प्रभाराचं काय?

कॅल्शियमचा प्रभार 2+ आणि सोडियमचा 1+. मग एक जास्तीचा धन प्रभार कुठे जाणार? खनिज त्याची भरपाई दुसरीकडे करतं. 4+ प्रभाराच्या सिलिकॉनच्या एका जागी 3+ प्रभाराचं ॲल्युमिनियम बसतं. म्हणून प्लॅजिओक्लेजची दोन टोकं अशी दिसतात:

- सोडियमचं टोक: NaAlSi3O8
- कॅल्शियमचं टोक: CaAl2Si2O8

दोन्हींतले अणू मोजून पाहा, एकूण 13 च आहेत. बदलल्यात त्या फक्त जोड्या.

या पद्धतीची मर्यादा कुठे?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच दिशेला जात असतील, तर निकाल तर्काने सांगता येतो. पोटॅशियम सोडियमपेक्षा मोठं, हे न मोजताही कळतं. पण उत्तरं विरुद्ध दिशेला ओढत असतील, तर कोण जिंकेल हे आकडा पाहूनच ठरतं. कॅल्शियम सोडियमच्या जवळपास असेल इतकं तर्क सांगतो. नेमकं 100 की 110, हे सांगत नाही.

गॅलियमचंही असंच. ते ॲल्युमिनियमच्या खाली आहे, एक कवच जास्त आहे, म्हणून अणू मोठा हवा. पण मधल्या रांगेत 10 प्रोटॉन वाढतात आणि त्यांच्यासोबत आलेले 10 d इलेक्ट्रॉन आडोसा नीट करत नाहीत. त्यामुळे वाढलेलं कवच आणि वाढलेली ओढ जवळजवळ बरोबरीत सुटतात. आयनीभवन ऊर्जा पाहा: ॲल्युमिनियम 578, गॅलियम 579. म्हणूनच पुढच्या वेळी 'अपवाद' हा शब्द दिसला, तर आधी इतकंच तपासा: मध्ये नवं काय भरलं गेलं आणि त्याने आडोसा किती केला?