क्विंटिलियन आणि वक्त्याचा हात

वक्त्याच्या अथवा नटाच्या हातानें त्याच्या वाक्याला साथ द्यावयाची, कीं वाक्यांतील प्रत्येक शब्दाचें चित्र काढावयाचें, हा वाद नवा नाहीं. आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुलें कविता म्हणूं लागलीं म्हणजे 'आकाश' म्हणतांना हात वर जातो, 'हृदय' म्हणतांना तो छातीवर येतो, आणि 'अश्रु' म्हणतांना बोट डोळ्याशीं जातें. आईबाप कौतुकानें टाळ्या वाजवितात, पण कवितेंत काय होतें हें मात्र कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं. या खोडीचें निदान प्राचीन काळीं मोठ्या बारकाईनें लिहून ठेवणारा एक शिक्षक रोमांत होऊन गेला. त्याचें नांव क्विंटिलियन. सम्राट् व्हेस्पेसियन याच्या कारकीर्दींत सरकारी वेतन मिळणारा तो वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. इ. स. ९५ च्या सुमारास त्यानें वक्त्याच्या शिक्षणावर बारा भागांचा ग्रंथ पुरा केला, आणि त्याच्या अकराव्या भागांत हात, मान, खांदे, डोळे व अंगावरचें वस्त्र यांविषयीं एक दीर्घ प्रकरण आहे. आम्हांस त्यांतील एकाच धाग्याचा मागोवा येथें घ्यावयाचा आहे.

हाताचें सामर्थ्य क्विंटिलियनास अमान्य नव्हतें. शरीराचे इतर अवयव बोलणाऱ्यास मदत करतात, हात मात्र जवळजवळ स्वतःच बोलतात, असें त्याचें मत होतें. हातांनीं आपण मागतों, वचन देतों, बोलावतों, घालवून देतों, धमकी देतों, विनवितों. येथें वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. यांत एकहि वस्तु नाहीं. साऱ्या क्रिया आहेत, आणि त्याहि बोलणारा ज्या क्षणीं समोरच्याशीं करीत असतो त्या. याच्या उलट दुसरा एक वर्ग तो सांगतो: दुखणेकऱ्याचा उल्लेख आला कीं वैद्याप्रमाणें नाडी धरल्याचा आविर्भाव करावयाचा, वादकाचा उल्लेख आला कीं तारा छेडणारीं बोटें दाखवावयाचीं. या वर्गापासून वक्त्यानें होईल तितकें दूर राहावें, असा त्याचा स्पष्ट निर्णय आहे. स्वतःकडे किंवा ज्याच्याविषयीं बोलणें चाललें आहे त्याच्याकडे हात करावयास त्याची हरकत नाहीं. हाताचा मेळ शब्दांपेक्षां अर्थाशीं असावा, हें त्याचें सूत्र. आणि जे नट थोडे भारदस्त होते तेहि हाच नियम पाळीत, अशी पुस्ती तो जोडतो.

या निर्णयाचें कारण त्यानें दिलेल्या उदाहरणांवरून उमगतें. व्हेरिस या जुलमी सुभेदारावर सिसरोनें लिहिलेल्या आरोपपत्रांत मेसाना शहराच्या भर चौकांत एका रोमन नागरिकाला फटके मारल्याचा प्रसंग आहे. तो वाचून दाखवितांना वक्त्यानें फटक्यांखालीं कुशी वळविणाऱ्या माणसाप्रमाणें अंग पिळवटूं नये, वेदनेचा आवाज काढूं नये, असें क्विंटिलियन बजावतो. आमच्या समजुतीप्रमाणें यांतील मर्म असें आहे: न्यायालयांत उभा आहे तो फटके खाणारा नव्हे, फिर्याद मांडणारा आहे. संताप, लाज आणि आग्रह हे त्याच्या अंगावर दिसले पाहिजेत. तो विव्हळूं लागला कीं फिर्यादी नाहींसा होतो आणि फिर्याद कोणीच मांडीत नाहीं. विनोदी नाटकांतील नटांविषयींहि तो हेंच म्हणतो. तरुणाची भूमिका करणारा नट कथाप्रसंगानें एखाद्या म्हाताऱ्याचें बोलणें सांगूं लागला म्हणजे थरथरत्या आवाजांत सांगतो. वास्तविक सांगणारा तरुणच असतो. तेव्हां हालचाल ठरवितांना शब्दांत कोण आहे हें न पाहतां शब्द कोणाच्या तोंडून, कशासाठीं निघत आहेत हें पाहावयाचें.

आतां या प्रकरणांतील जो भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो त्याकडे वळूं. येथें प्रश्न केवळ नकलेचा राहत नाहीं. हातानें कशाचेंहि चित्र काढलें नाहीं, तरी तो शब्दाशब्दाला हलत राहिला तर काय होतें, हा तो प्रश्न आहे.

क्विंटिलियनच्या पूर्वींच्या आचार्यांनीं एक नियम घालून दिला होता: हात अर्थाबरोबर उचलावा आणि अर्थाबरोबर खालीं ठेवावा. हें त्यास मान्य आहे. कारण हालचाल आवाजाच्या आधीं आली काय किंवा मागून आली काय, दोन्ही विद्रूपच. पण त्याच आचार्यांनीं पुढें दोन हालचालींत तीन शब्दांचें अंतर असावें असें माप ठरविलें. हें माप कोणी पाळीत नाहीं आणि पाळतां येणारहि नाहीं, असें तो म्हणतो. तथापि त्यामागचा हेतु तो उचलून धरतो: हात फार वेळ रिकामा पडूं नये, आणि सतत हलून त्यानें भाषणाचे तुकडेहि पाडूं नयेत.

यानंतर तो एक नमुना घेतो. तो समजण्यासाठीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. क्विंटस लिगेरियस हा यादवी युद्धांत आफ्रिकेंत सीझरच्या विरुद्ध पक्षाकडे होता. सीझरनें त्याचा जीव राखला, पण त्याला स्वदेशीं परत येण्याची मोकळीक नव्हती. इ. स. पूर्वीं ४६ मध्यें त्याच्यावरील आरोपाची सुनावणी खुद्द सीझरपुढें झाली आणि सिसरो त्याच्या बाजूनें उभा राहिला. आरोप आणणारा क्विंटस ट्यूबरो हा सिसरोचा आप्त. आणि गंमत अशी, कीं हा ट्यूबरो स्वतःहि फार्सेलसच्या लढाईंत सीझरविरुद्धच लढला होता! सिसरोच्या पहिल्या वाक्याचा भावार्थ असा, कीं सीझरपुढें एक अगदीं नवा, त्या दिवसापर्यंत कानांवर न आलेला गुन्हा मांडण्यांत आला आहे, आणि तो मांडणारा वक्त्याचाच नातलग ट्यूबरो आहे.

क्विंटिलियन सांगतो कीं बोलण्यांत कांहीं छुपे ठोके असतात, आणि बहुतेकांचे हात त्या ठोक्यांवर पडतात. मग या एका वाक्यांत हात आठ वेळां हलतो: गुन्ह्याच्या नवेपणावर एकदां, सीझरच्या नांवावर दुसऱ्यांदा, 'आजवर' या अर्थाच्या शब्दांवर तिसऱ्यांदा, न ऐकल्याच्या शब्दावर चौथ्यांदा, पुढें नातलग, तुजपुढें, ट्यूबरोचें नांव आणि क्रियापद यांवर एकेक. येथें वैद्याची नाडी नाहीं, वादकाच्या तारा नाहींत. तरी दोष तोच. याचा परिणाम लेखनावरहि होतो, हें त्याचें निरीक्षण आम्हांस फार मार्मिक वाटतें. तरुण विद्यार्थी भाषण लिहितांनाच हात कोठें पडेल याचा विचार करतात आणि हाताच्या सोयीनें शब्द मांडतात. गाडी घोड्यापुढें जुंपण्याचा हा प्रकार होय.

त्याचा उपाय साधा आहे. प्रत्येक बोलण्यांत असे लहान खंड असतात, कीं त्यांच्या शेवटीं वाटल्यास श्वास घेतां येतो. हालचालीची वांटणी या खंडांवर करावी. सीझरच्या नांवापाशीं पहिला खंड आपोआप संपतो, कारण पुढें उभयान्वयी अव्यय येतें. तेथून न ऐकल्याच्या शब्दापर्यंत दुसरा खंड पुरता होतो. म्हणजे जेथें चार हिसके होते तेथें दोन हालचाली उरल्या. हें प्रमाण आरंभापुरतें, भाषण शांत असेपर्यंत. पुढें तें तापलें म्हणजे हातहि त्याबरोबर वेग घेतो.

आरंभाला कोणती हालचाल शोभते तेंहि त्यानें लिहिलें आहे. मधलें बोट आंगठ्याला टेकवावयाचें, उरलेलीं तीन बोटें मोकळीं ठेवावयाचीं, आणि हात थोडासाच पुढें घेऊन सावकाश दोहों बाजूंस न्यावयाचा. हात जिकडे जाईल तिकडे डोकें आणि खांदे किंचित् झुकावयाचे. हात डोळ्यांच्या वर जाऊं नये आणि छातीच्या खालीं उतरूं नये. डाव्या हातानें एकट्यानें कधींच हालचाल करूं नये. या हालचालींत 'नवा' किंवा 'गुन्हा' यांपैकीं कशाचेंहि चित्र नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्यांत दिसतो तो एक माणूस, जो आदरानें, जपून, एका बलाढ्य माणसापुढें कांहीं ठेवीत आहे.

आणि येथेंच आठ हालचालींचें खरें नुकसान दिसून येतें. सिसरोचें तें वाक्य उपरोधाचें आहे. आफ्रिकेंत असणें हा गुन्हा 'नवा', आणि आरोप करणारा स्वतः शत्रूच्या छावणींतला! 'नवा' या शब्दावर हात आश्चर्यानें वर गेला आणि न ऐकल्याच्या शब्दावर दचकून मागें आला, तर ऐकणारा तें आश्चर्य खरें मानील. उपरोध शब्दांत नसतो, वाक्यांत असतो; हातानें शब्दाशब्दाची ग्वाही दिली कीं वाक्याचा वाकडा अर्थ सरळ होऊन बसतो. क्विंटिलियनानें हें येथें लिहिलेलें नाहीं. हा आमचा अन्वयार्थ आहे. पण एखाद्या चांगल्या वाचकाकडून तें वाक्य दोन्ही रीतींनीं म्हणवून घ्यावें, म्हणजे फरक कानांना व डोळ्यांना तत्काळ कळेल.

आमच्याकडील शास्त्रकारांनीं हाच भेद निराळ्या शब्दांत केला आहे. दहाव्या शतकांतील धनंजयाच्या 'दशरूपक' या ग्रंथाच्या परंपरेंत नृत्य हें पदार्थाभिनयाचें आणि नाट्य हें वाक्यार्थाभिनयाचें, अशी विभागणी आहे. पदार्थाभिनय येथें कमी प्रतीचा ठरत नाहीं, हें विसरतां कामा नये. क्विंटिलियनहि वक्त्याला नर्तकापासून दूर राहावयास सांगतो तो याच कारणानें. त्याच्या काळचा मूकनर्तक तोंडानें बोलत नसे, तेव्हां शब्दांचें काम हातांनींच करणें भाग होतें. आपल्या बैठकीच्या लावणींत एकच ओळ पुन्हां पुन्हां गायिली जाते आणि अदा दर वेळीं बदलते. तेथें शब्द सर्वांस पाठ झालेले असतात, म्हणून हाताला नवें सांगावयास मोकळीक मिळते. दोष उपजतो तो तोंड आणि हात एकाच वेळीं एकच गोष्ट सांगूं लागतात तेव्हां. भरतानें तर उत्तम पात्रांच्या हातांना थोडाच संचार ठेविला आणि अधम पात्रांच्या हातांना विखुरलेला. शोकानें पीडिलेल्या, भ्यालेल्या किंवा मूर्च्छित पात्रानें हस्ताभिनय करूंच नये, असेंहि सांगितलें.

एका बाबतींत मात्र जुन्या आचार्यांना दुरुस्तीची जरुरी आहे. डेव्हिड मॅक्नील या अमेरिकन संशोधकानें १९९२ च्या आपल्या ग्रंथांत स्वाभाविक संभाषणांतील हातवारे तपासून दाखविलें, कीं हात उचलण्याची तयारी शब्दाच्या आधींच सुरू होते, आणि मुख्य झटका शब्दाबरोबर किंवा त्याच्या किंचित् अगोदर पडतो. चित्रपटाकरितां चित्रांचीं पात्रें हलविणारे कलावंत हें अनुभवानें जाणतात. त्यांच्याकडे संवाद सामान्यतः आधीं ध्वनिमुद्रित होतो, सेकंदाला २४ चित्रें धरून हालचाल मागाहून बसविली जाते, आणि हाताचा ठोका आवाजाच्या ठोक्यापूर्वीं दोनचार चित्रें ठेवला जातो. तो मागून आला तर पात्राला शब्द ऐकल्यावर हात हलवावयाचें सुचलें असें दिसतें. यासाठीं तो कलावंत प्रथम वाक्य पुन्हां पुन्हां ऐकतो, त्यांत पात्राचा विचार किती वेळां पालटतो तें मोजतो, आणि तितक्याच मुद्रा काढतो. क्विंटिलियनाचे श्वासखंड आणि हे पालट बहुतेक ठिकाणीं एकाच जागीं पडतात.

लिगेरियसच्या खटल्याचें पुढें काय झालें? प्लूटार्कनें लिहिलें आहे, कीं निकाल सीझरच्या मनांत आधींच पक्का झालेला होता. पण सिसरोचें बोलणें फार्सेलसच्या लढाईवर आलें तेव्हां सीझरचें अंग थरारलें आणि हातांतले कांहीं कागद खालीं पडले. लिगेरियस सुटला. दोनच वर्षांनीं, इ. स. पूर्वीं ४४ मध्यें, सीझरवर शस्त्र उगारणाऱ्यांच्या कटांत तो सामील होता.