रेल्वेच्या डब्यातल्या गंजाची कुळकथा

दौंडची कॉर्ड लाइन होण्याआधी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तिथे काढून दुसऱ्या टोकाला लावत. त्या वेळात फलाटावर उतरलेल्या कुणी जुन्या निळ्या डब्याकडे नीट पाहिलं असेल, तर एक गोष्ट दिसली असेल: गंज सगळीकडे सारखा नसे. खिडक्यांखालचा पत्रा धड, पण संडासाच्या खालच्या कडेला रंग फुगलेला. तिथे बोट लावलं की तपकिरी पोपडे हाती येत.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. ओल्या पत्र्यावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, आणि जवळच दुसऱ्या जागी पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते इलेक्ट्रॉन उचलतो. पाण्यात क्षार असले की हा प्रवाह जोरात चालतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंग फोडून सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

यावर रेल्वेने डब्यांसाठी कॉर्टेन पोलाद वापरलं. त्यात थोडं तांबं आणि क्रोमियम असतं. त्याच्यावरही गंज चढतो, पण तो दाट बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. मात्र तो तसा बसायला पत्रा भिजून पुन्हा वाळावा लागतो. संडासाखालची जागा वाळतच नव्हती, वर लघवीतले क्षार. तिथे कॉर्टेन हरलं, यात मला नवल वाटत नाही.

खरं उत्तर त्याच्या कितीतरी आधी सापडलं होतं. 1913 साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकांच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादाचे नमुने बनवत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी नमुना आम्लाने कोरून घ्यावा लागतो. सुमारे 12.8 टक्के क्रोमियमच्या पोलादावर आम्लाचा परिणामच होईना. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हवेतला प्राणवायू त्याच्याशी जुळून पृष्ठभागावर अतिशय पातळ, घट्ट थर बनवतो. जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांइतकी. ओरखडा गेला तरी प्राणवायू मिळताच तो लगेच भरून येतो. गंजाला हे जमत नाही.

जर्मनीहून आलेल्या एलएचबी डब्यांची बांधणी मुख्यतः अशा स्टेनलेस पोलादाची आहे. ते डबे भारतात 2000 च्या सुमारास आले.

तरी स्टेनलेसही गंजतं. वेल्डिंगच्या उष्णतेत, सुमारे 450 ते 850 अंश सेल्सिअसमध्ये, क्रोमियम पोलादातल्या कार्बनशी जुळून कणांच्या सीमांवर अडकतं आणि सांध्यालगतच्या पट्ट्यात थर बनवायला ते पुरत नाही. अशा वेळी गंजाची रेघ वेल्डवर न येता त्याला समांतर, थोड्या अंतरावर उमटते. म्हणून वेल्डिंग करायच्या कामाला कमी कार्बनचं स्टेनलेस घेतात आणि सांध्याजवळचा काळपट पट्टा आम्लाने साफ करतात.