टोनी डोमिनो यांनी सुचवलेलं नाव

केटामाइनचा पूर्वज त्याच्याच कंपनीत जन्मला होता. १९५६ साली डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीत फेनसायक्लिडिन तयार झालं. भुलीचं औषध म्हणून ते माकडांवर अगदी झकास चाललं: वेदना गेली, श्वास मात्र चालू. माणसांवर वापरल्यावर अडचण कळली. शस्त्रक्रिया नीट पार पडे, पण पुढे कित्येक तास रुग्ण भ्रमात बडबडत राहत, काही जण अनावर होत. तेव्हा याच घराण्यातलं, पण लवकर उतरणारं औषध हवं होतं. कंपनीचे सल्लागार आणि वेन स्टेट विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी १९६२मध्ये ते बनवलं. हेच केटामाइन; त्याला क्रमांक मिळाला सीआय-५८१.

ऑगस्ट १९६४मध्ये औषधशास्त्रज्ञ एडवर्ड डोमिनो आणि भूलतज्ज्ञ ग्युंटर कॉर्सन यांनी मिशिगनमधल्या जॅक्सन तुरुंगातल्या कैद्यांना ते प्रथम दिलं. कैदी ‘स्वयंसेवक’ होते असं कागदोपत्री म्हटलं आहे. तुरुंगातल्या माणसाच्या होकाराला किती किंमत द्यायची, हा प्रश्न तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. डोस हळूहळू वाढवत नेला. शुद्धीवर आल्यावर बरेच जण सांगत, की आपण अवकाशात तरंगत होतो आणि हातपाय असल्याचं जाणवतच नव्हतं.

आता याला म्हणायचं काय? स्किझोफ्रेनियाची आठवण करून देणारं नाव कंपनीला परवडणारं नव्हतं, आणि डोमिनोंचं ‘स्वप्नांची भूल’ हे सुचवणंही तिला पसंत पडलं नाही. डोमिनोंनी घरी पत्नी टोनी यांच्याशी हा विषय काढला. ही माणसं भोवतालापासून तुटल्यासारखी वाटतात, हे ऐकून त्यांनी ‘डिसोसिएटिव्ह’, म्हणजे विलगकारी भूल, हे नाव सुचवलं. १९६५च्या शोधनिबंधात ते छापून आलं. कंपनीची सोय पाहून निवडलेलं हे नाव औषधाच्या वागण्याला इतकं चपखल बसेल, असं तेव्हा वाटलं नसावं.

भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग बदलायचं आहे, असं समजा. शिरेतून वजनाच्या दर किलोला एक-दोन मिलिग्रॅम केटामाइन गेलं, की मिनिटभरात मूल गप्प होतं. पण झोपल्यासारखं दिसत नाही. डोळे उघडे, बुबुळं संथ हलणारी, अंगात ताठरपणा. श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब उलट चढतो. पट्टी सोलून काढली तरी ते दाद देत नाही. पाच-दहा मिनिटांनी अंमल ओसरू लागतो. तोवर तोंडात लाळ साठून स्वरयंत्र आवळलं जात नाही ना, यावर भूलतज्ज्ञाची नजर असते. श्वास टिकतो म्हणून देखरेख ढिली करता येत नाही.

यामागचं कारण १९८३मध्ये डेव्हिड लॉज आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. चेतापेशी एकमेकींना जागं करतात ते मुख्यतः ग्लुटामेटच्या आधारे. त्याच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीत एक मार्गिका असते. ती उघडली की केटामाइन आत शिरून, नळीत बोळा बसावा तसं, तिथेच अडकतं. मज्जारज्जूत त्यामुळे वेदनेचा जोर चढत नाही. मेंदूत संवेदना पोचतात, पण त्यांची एकमेकांशी सांगड बसत नाही. डोळ्यांवर उजेड पडतो, तरी पाहणारा जणू हजर नसतो.

एलएसडी, सायलोसायबिन आणि मेस्कलिन या नेहमीच्या भ्रमजनकांची वाट वेगळी आहे. ती सेरोटोनिनच्या ‘२ए’ ग्राहीला चेतवतात. ही ग्राही अडवणारं केटॅनसेरिन आधी दिलं, तर सायलोसायबिनचा भ्रम उमटतच नाही, हे झुरिकच्या फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने १९९८मध्ये माणसांवर दाखवलं. एलएसडी घेतलेल्याला भिंतीवरची नक्षी हलताना दिसते, रंग तीव्र होतात, अर्थ नको तितका दाटतो; पण टाचणी टोचली तर तो हात मागे घेतो, आणि प्रश्न विचारला तर बहुधा उत्तरही देतो. मायक्रोग्रॅममध्ये मोजायचा हा डोस आठ-दहा तास टिकतो. त्याच्या जोरावर शस्त्रक्रिया करता येणार नाही. तिथे जग जास्तच अंगावर येतं. केटामाइनखाली ते दूर सरतं.

सीमारेषा मात्र इतकी सरळ नाही. भुलीपेक्षा कमी डोसात केटामाइन घेतलेला माणूसही आकृती पाहतो, वेळेचं भान हरवतो, आणि वरवर तो एलएसडीवाल्यासारखाच वाटू शकतो. तेव्हा फरक शोधावा तो शरीरात: बोलणं जड, तोल जाणारा, कातडी बधिर. भूल उतरतानाही मेंदू याच टप्प्यातून जातो. त्या वेळी काही रुग्ण, मुलांपेक्षा मोठी माणसं अधिक, भेदरून ओरडतात. म्हणून त्यांना अनेकदा सोबत मिडाझोलाम दिलं जातं. त्याने भीती कमी होते, पण ती कधीच येणार नाही याची हमी मिळत नाही.