भारनियमनामुळे पाळीच्या वेळा बदलताना: छोट्या कारखानदाराने कामगारांना लिहायचे पत्र

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाचा काळ होता. औद्योगिक वसाहतींना बहुधा आठवड्यातला एक दिवस ठरवून दिलेला असे. पण वसाहतीबाहेर, गावाच्याच फीडरवर चालणाऱ्या छोट्या कारखान्यांची वीज रोज ठरलेल्या वेळी जात असे. तेव्हा मालकाला दारावर एक पत्र लावावे लागे: ‘अमुक तारखेपासून पाळीच्या वेळा बदलत आहेत.’ पत्र चार ओळींचे असे आणि भांडण होई ते त्यात न लिहिलेल्या गोष्टीवरून. ती गोष्ट म्हणजे वीज नसलेले तास कोणाच्या हिशेबात धरायचे.

एक नमुना घेऊ. प्लास्टिकच्या बादल्यांचे हँडल आणि झाकणे बनवणारा कारखाना, २६ कामगार. पाळी सकाळी ८.३० ते ५, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे काम आठ तास. एप्रिलपासून वीज रोज ११ ते २ जाणार असे कळले.

मालकाच्या मनात पहिला उपाय येतो तो पाळी फोडण्याचा. सकाळी ७ ते ११ काम, मग तीन तास सुट्टी, पुन्हा २ ते ६. आठ तास भरले. मात्र कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५६ प्रमाणे कामगाराचा दिवस सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, मधली सुट्टी धरून, साडेदहा तासांच्या आत बसावा लागे. कारखान्यांच्या भाषेत याला ‘स्प्रेड-ओव्हर’ म्हणतात. ७ ते ६ हे अकरा तास झाले. मुख्य कारखाना निरीक्षक कारणे लिहून ही मर्यादा बारा तासांपर्यंत वाढवू शकत, पण परवानगी हाती येईपर्यंत तरी ही वेळ बेकायदाच.

ही मर्यादा का आहे, हे कामगाराच्या बाजूने पाहिले की लगेच कळते. ज्याचे घर दहा-बारा किलोमीटरवर आहे तो ११ वाजता घरी जाऊन २ वाजता परत येणार नाही. तो कारखान्याच्या शेडमध्ये, पंखा बंद असताना, बसून राहणार. कागदावर ती सुट्टी असते आणि सुट्टीचे तास कामात धरले जात नाहीत. म्हणजे दिवस अकरा तासांचा, मोजले जाणारे काम आठ तासांचे.

दुसरा उपाय पाळी न फोडण्याचा. ७ ते ३.३०, वीज नसताना हातकाम: मालाच्या कडेला राहिलेले जादा प्लास्टिक कापणे, मोजणी, पॅकिंग, साचे पुसणे. कामगाराला हे सोयीचे. पण मोल्डिंग मशीनचे गणित वेगळे आहे. त्याच्या बॅरलमध्ये प्लास्टिक वितळलेले असते. वीज जाण्याआधी ते बाहेर काढून टाकले नाही तर आतच थिजते. वीज आल्यावर बॅरल पुन्हा तापायला साधारण पाऊण तास लागतो. म्हणून २ वाजता वीज आली तरी पहिला चांगला नग पावणेतीनला पडतो, आणि ३.३० ला पाळी संपते. या वेळेत मशीन दिवसाला साडेचार तासच चालते. फोडलेल्या पाळीत ते सात तासांच्या आसपास जाते. मालकाला फोडलेली पाळी हवी असते ती या अडीच तासांसाठी, आणि ते पत्रात सरळ लिहिलेले बरे.

आमच्या नमुन्यात तोडगा असा निघतो की फक्त मशीनवरच्या माणसांची पाळी फुटते आणि तीही ५.३० ला संपते. म्हणजे दिवस बरोबर साडेदहा तासांचा. काम साडेसात तास होते, पण मजुरी आठ तासांचीच. पॅकिंगच्या कामाला वीज लागत नाही, तेव्हा त्या लोकांची वेळ बदलण्याचे काही कारणच नाही. (पुष्कळ मालक ‘सगळ्यांना एकच नियम’ म्हणून त्यांनाही ओढतात. त्यात बहुधा बायका असतात आणि त्यांची घरची वेळ उगाच मोडते.)

मग पत्र असे होईल:

‘सर्व कामगार बंधू-भगिनींना,

वीज कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे सोमवार, २१ एप्रिलपासून आपल्या भागात रोज ११ ते २ वीज बंद राहील. त्यामुळे मशीन विभागाची वेळ सकाळी ७ ते ११ आणि दुपारी २ ते ५.३० अशी राहील. पॅकिंग विभागाची वेळ पूर्वीप्रमाणे ८.३० ते ५ राहील. साप्ताहिक सुट्टी बदललेली नाही.

मशीन विभागाचे काम अर्ध्या तासाने कमी होत असले तरी रोजची मजुरी पूर्ण मिळेल. ११ ते २ या वेळेत कोणालाही काम सांगितले जाणार नाही. कोणी स्वखुशीने पॅकिंगला बसणार असेल तर त्याचा ओव्हरटाइम लावला जाईल.

२ वाजता वीज आली नाही तर थांबलेला वेळ कामात धरला जाईल. ३ पर्यंत न आल्यास सुट्टी दिली जाईल, त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही.

वीज कंपनीने वेळ बदलल्यास नवीन पत्र लावले जाईल. कोणाला अडचण असल्यास ५ एप्रिलपर्यंत मला भेटावे.

मालक’

यातला ‘वीज आली नाही तर’ हा परिच्छेद सर्वांत आधी गाळला जातो आणि त्याचीच गरज जास्त असते. औद्योगिक विवाद कायद्यात, विजेअभावी काम देता न आल्यास मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी असे होते. पण ते कलम पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला लागू नव्हते. २६ जणांच्या कारखान्यात त्या दिवसाचे काय, हे पत्रात लिहिले तरच ठरते.

ओव्हरटाइमच्या ओळीत एक खाच आहे. कायद्याने दुप्पट दर लागे तो दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ओलांडल्यावर. साडेसात तास काम करणारा माणूस दुपारी एक तास बसला तर साडेआठ होतात, दुप्पट लागू होत नाही. तेव्हा दर किती, हे आधी बोलून पत्रात आकड्याने लिहावे. शिवाय सकाळी ६.१५ ला येऊन हीटर लावणारा माणूस विसरू नये. त्याचा दिवस ६.१५ लाच सुरू होतो आणि ५.३० पर्यंत थांबला तर सव्वाअकरा तास भरतात. त्याला ४.४५ ला घरी सोडायला हवे.

पत्र कधी लावायचे? कामाच्या वेळा बदलायच्या तर त्याच कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे एकवीस दिवसांची नोटीस लागे. कामगारांशी रीतसर करार झाला असेल तर ती अट नसे. म्हणून वरचे पत्र मार्चच्या अखेरीस लागायला हवे. कामाच्या वेळांचा तक्ता मुख्य दाराजवळ, बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायचा आणि बदल आधी निरीक्षकाला कळवायचा, हेही कारखाने अधिनियमात होते. मशीनवर उत्तरेकडची मुले जास्त असतील तर हिंदी प्रत हवीच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे जाऊन नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. एकवीस दिवसांची नोटीस औद्योगिक संबंध संहितेत कायम आहे. दिवसाचे आठ तास संहितेतच आहेत, पण स्प्रेड-ओव्हर किती हे सरकार ठरवून जाहीर करते. त्यामुळे आज असे पत्र लिहिणाऱ्याने साडेदहाचा आकडा तसाच न उचलता आपल्या राज्याचा चालू नियम पाहून मगच वेळ लिहावी.