बिटरेट

ध्वनी किंवा चित्रफितीच्या एका सेकंदासाठी वापरल्या जाणाऱ्या बिटांची संख्या. संगीताच्या सीडीवर डाव्या-उजव्या वाहिनीसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. या हिशेबाने चार मिनिटांचे गाणे ४२ मेगाबाइट जागा घेते. तेच १२८ किलोबिटांच्या एमपी३मध्ये चार मेगाबाइटांच्या आत मावते, ३२० किलोबिटांत साडेनऊच्या आसपास जाते.

ही बचत कानाच्या मर्यादेवर उभी आहे. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज एन्कोडर ढोबळपणे नोंदवतो किंवा गाळतो. बिट फारच कमी असले, की ऐकू येणारा तपशीलही कापला जातो. झांजेचा झणत्कार किंवा टाळ्यांचा कडकडाट सळसळल्यासारखा ऐकू आला, की बिटरेट अपुरा पडला असे खुशाल समजावे. व्हिडिओत पाऊस, लाटा अशा सतत हलणाऱ्या दृश्यांत चौकोनी ठोकळे दिसू लागतात. म्हणूनच स्ट्रीमिंगमध्ये इंटरनेट मंदावले, की सेवा कमी बिटरेटची प्रत पाठवते आणि चित्र धूसर होते.

मोठा आकडा मात्र नेहमीच खरा नसतो: १२८ची फाइल ३२०मध्ये बदलली, तर आकार वाढतो, गाळलेला ध्वनी परत येत नाही.